माया न ठेवलेला ड्रेस

टेपताईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं गल्लीत कुणी उरलं नव्हतं. सकाळी दुकान उघडताना टेप गळ्यात पडायची ती संध्याकाळी शटर ओढल्यावरच उतरायची. कधीकधी तेव्हाही नाही. एकदा ती तशीच बाजारात गेली आणि भाजीवाल्याने विचारलं, "ताई, भोपळ्याची कंबर घ्यायची का?" तेव्हापासून हे नाव चिकटलं.

दुकान म्हणजे एक खोली. दारात शिवणयंत्र, मागे कापायचं टेबल, कोपऱ्यात पडदा आणि पडद्याआड उंच आरसा. आरशासमोर उभी राहिलेली प्रत्येक बाई एकच लबाडी करते, हे टेपताईला तीस वर्षांत पाठ झालं होतं. टेप कमरेला लागली रे लागली की पोट आत आणि श्वास बंद.

"श्वास सोडा, बाई. ड्रेस घालून जगायचंय ना तुम्हाला?"

बाई हसायची, हसताना श्वास सुटायचा आणि टेपताई तेवढ्यात आकडा वाचून घ्यायची. आकडा वहीत जायचा, तोंडातून बाहेर पडायचा नाही. गल्लीतल्या निम्म्या बायकांची कंबर, दंड आणि छाती त्या वहीत होती, आणि एकीचं माप दुसरीला कधी कळलं नव्हतं. शिवणकाम चांगलं होतंच, पण लोक येत ते या विश्वासावर.

तिचा दुसरा नियम आईकडून आलेला. कापताना मापाच्या बाहेर दोन बोटं कापड सोडायचं. ते आत दुमडून शिवणीत राहतं, बाहेरून दिसत नाही. पुढे अंग सुटलं तर शिवण उसवायची आणि तेवढं कापड मोकळं करायचं. शिंपीकामात या सोडलेल्या कापडाला माया म्हणतात. आई म्हणायची, "माया न ठेवता कापणारा शिंपी आणि माया न ठेवता बोलणारा माणूस, दोघांकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही."

टेपताईने तीस वर्षांत एकदाही माया न ठेवता कापलं नव्हतं. ते एकदा घडलं आणि घडलं तेही सख्ख्या बहिणीच्या कापडावर.

वजन उतरवायचा चहा आणला शेजारच्या पार्लरवालीने. हिरवा डबा, वर पानाचं चित्र, आत दोरा लावलेल्या तीस पुड्या. "शंभर टक्के वनस्पती आहे, ताई. केमिकल नावाला नाही. संध्याकाळी प्यायचा, सकाळी बघायचं." पार्लरवाली जीभ न अडखळता बोलायची, तिच्या दुकानात गिऱ्हाईक डोळे मिटून बसतं, त्यामुळे तिला मध्ये कुणी टोकत नसे.

टेपताईची स्वतःची कंबर पंचेचाळिशीनंतर दर वर्षी अर्धा इंच पुढे सरकत होती. दिवसभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या बाईला स्वतःचं माप सांगायला कुणी नसतं, पण माहीत मात्र असतं. तिने चहा प्यायला. पहाटे पोटात अशी कळ आली की ती उशीला चावली. मग तीन फेऱ्या झाल्या. आठ वाजता तिने टेप लावली तर सव्वा इंच कमी! तिने श्वास सोडून पुन्हा मोजलं. तरी सव्वा इंच कमी.

टेप खोटं बोलत नाही, यावर तिचा देवापेक्षा जास्त भरवसा होता. टेपेने सांगितलं म्हणजे चरबी गेली. ती कुठून गेली, कशी गेली, हे विचारायचं तिला सुचलं नाही. शेगडीवरचं पातेलं उतू गेलं की आतलं दूध कमी होतं, तसंच काहीतरी असणार असं तिने धरलं.

मग बटणांच्या खणाखालच्या खणात हिरवे डबे आले. तिने कधी गळ घातली नाही, तेही खरं. पण आरशासमोर एखादी बाई पोटावर हात ठेवून "काय करू हो याचं?" म्हणाली की टेपताई खण उघडायची. डॉक्टरने वजनाबद्दल बोललेलं बायकांना झोंबतं. टेपताईचं झोंबत नसे, कारण तिला आकडा आधीच माहीत असे. ग्रंथालयवाल्या बाईने नेला, रोपवाटिकेतल्या मावशींनी नेला, आणखी नऊ जणींनी नेला. आठवड्याने माप घेताना इंच उतरलेला दिसायचा, बाईचा चेहरा उजळायचा आणि टेपताईलाही आपण काही पुण्य केल्यासारखं वाटायचं.

धाकटी बहीण शाळेत शिक्षिका. त्या वर्षी ती मुख्याध्यापिका झाली आणि शाळेच्या पन्नासाव्या वर्षाच्या कार्यक्रमात तिला व्यासपीठावरून बोलायचं होतं. गडद निळं कापड घेऊन ती आली.

"ताई, असा शिव की मागच्या रांगेतल्या पोरांनीही मला हत्तीण म्हणू नये."

"म्हणतात?"

"फळ्यावर चित्र काढलं होतं. सोंड बरी जमली होती. मी दहापैकी सहा दिले."

दोघी हसल्या. धाकटी थोडी जास्तच वेळ हसली, आणि ते जास्तीचं हसणं टेपताईने ओळखलं. तिने माप घेतलं, छत्तीस. मग खण उघडला.

"रक्तदाबाच्या गोळीबरोबर चालेल ना गं?" धाकटीने विचारलं. दोन वर्षांपासून ती रोज एक गोळी घेत होती, जिने लघवी जास्त होते ती.

"अगं, पानं आहेत ही. पानांनी काय होतंय?"

हे वाक्य टेपताईने इतक्या सहज उच्चारलं, की नंतर कित्येक दिवस तिला ते स्वतःच्याच आवाजात ऐकू येत राहिलं.

सहाव्या दिवशी सकाळी, रिकाम्या पोटी, धाकटीची कंबर साडेचौतीस भरली. टेपताईने निळं कापड टेबलावर पसरलं, खडूची रेघ ओढली आणि कात्री हातात धरून थांबली. इंच असेच उतरत गेले तर कार्यक्रमापर्यंत तेहतीसही होईल. माया ठेवली तर शिवण जाड होईल, कंबरेवर फुगेल. धाकटीला फुगलेलं नको होतं. टेपताईने रेघेवरूनच कात्री चालवली.

दुसऱ्या आठवड्यात धाकटीचा फोन आला. "चहा चालेना गं. पोट दुखतं, पण सकाळी पूर्वीसारखं काही होत नाही. आणि तहान किती लागते! पायात गोळे येतात. छातीत मधूनच मासा उलटल्यासारखं होतं."

टेपताईने पार्लरवालीला विचारलं. पार्लरवाली म्हणाली, अंगातली घाण निघत असते, तेव्हा असं होतंच; सवय झाली असेल तर दोन पुड्या टाकायच्या. टेपताईने त्यातलं शेवटचं तेवढं धाकटीला कळवलं. "दोन पुड्या टाक," एवढंच. पलीकडून धाकटी म्हणाली, "बरं." लहानपणापासून ती ताईला बरंच म्हणत आली होती.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी धाकटी शाळेतून थेट ड्रेस घालून बघायला आली. डोळ्यांखाली काळं आलं होतं. पडद्याआड तिने ड्रेस चढवला आणि टेपताईने पाठीची चेन वर ओढली. चेन कंबरेशी अडली. टेपताईने साबण लावला, पुन्हा ओढली. अडलीच.

"श्वास आत घे," टेपताई म्हणाली.

तीस वर्षांत हे वाक्य तिने पहिल्यांदा उच्चारलं.

तिने टेप लावली. छत्तीस. पहिल्या दिवशी होते तेवढेच. अठरा दिवस पोट धरून काढले आणि अर्धा इंचही उतरला नव्हता. ती आरशात बघत राहिली, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "ताई, मासा..." आणि पडदा मुठीत धरून खाली बसली. पडद्याची दांडी तिच्याबरोबर खाली आली. टेपताईने मनगट धरलं. नाडी दोन ठोके धावायची, एक गिळायची, पुन्हा धावायची. शिवणयंत्राचा पट्टा सैल झाला की चाक असंच अडखळतं.

ग्रंथालयवाली बाई नेमकी दारात होती. तिने गाडी बोलावली.

दवाखान्यात धाकटीच्या छातीला तारा लावल्या, रक्त घेतलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान, केस घट्ट बांधलेले, बोलणं सरळ. तिने आलेखाची पट्टी उजेडाकडे धरली.

"मध्ये मध्ये जादा ठोके पडताहेत, आणि या लाटा चपट्या झाल्यात. रक्तातलं पोटॅशियम दोन पॉइंट सहा आहे. साडेतीनच्या वर हवं. या क्षाराशिवाय हृदयाचे ठोके तालात पडत नाहीत. तुमच्या गोळीने ते थोडं उतरतं, पण इतकं नाही. जुलाब झाले? उलट्या?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"दुसरं काही घेता? काढा, चूर्ण, कसला चहा?"

धाकटीने ताईकडे बघितलं. क्षणभरच. आणि म्हणाली, "नाही."

टेपताईच्या तोंडापर्यंत शब्द आला होता. दारात ग्रंथालयवाली उभी होती. तिच्या पिशवीतही तोच डबा असेल. टेपताईने शब्द गिळला. ती खाली बघत राहिली. गळ्यात टेप तशीच होती, तिचं एक टोक धाकटीच्या चादरीवर पडलं होतं.

"मग कारण शोधावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाली. "मूत्रपिंड बघू, त्यावरच्या ग्रंथी बघू. उद्या स्कॅन. तोवर पोटॅशियम शिरेतून सावकाश देऊ. हात जळजळेल, पण घाईने देता येत नाही. तारा काढायच्या नाहीत."

ती गेली. ग्रंथालयवालीही निघाली, जाताना टेपताईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बहिणीवर किती जीव आहे तुमचा." त्या हाताखाली टेपताईचा खांदा आक्रसला. थोबाडीत बसली असती तर बरं, असं तिला वाटलं.

"नाही का म्हणालीस?" तिने हळूच विचारलं.

"सगळी गल्ली तुझ्याकडे येते," धाकटी म्हणाली. सलाइनचा हात तिने जपून बाजूला ठेवला होता. "माझ्यामुळे तुझं नाव का जावं? घरी गेल्यावर सोडून देईन चहा, झालं."

"आणि उद्याचा स्कॅन?"

"काढू दे की. काही निघणार नाही."

मग धाकटीने डोळे मिटले. मॉनिटरच्या पडद्यावरची हिरवी रेघ सरळ चालली होती, मध्येच एक वेडीवाकडी उडी मारायची आणि पुन्हा सरळ. टेपताई त्या उड्या मोजू लागली. मिनिटात सात. धाकटी ताईच्या अब्रूसाठी खोटं बोलली होती, आणि ताई स्वतःच्या अब्रूसाठी गप्प बसली होती. डॉक्टर भलत्याच ठिकाणी आजार शोधणार आणि खरा आजार बटणांच्या खणाखाली पडून राहणार. माप चुकीचं दिलं तर जगातल्या कुठल्या शिंप्याला कापड नीट कापता आलंय? तिने स्वतः किती बायकांना सांगितलं होतं, श्वास सोडा म्हणून.

ती उठली. डॉक्टरीणबाई जिन्यापाशी कागद लिहीत होती.

"डॉक्टर, ती खोटं बोलली. म्हणजे मी बोलायला हवं होतं. चहा पिते ती. वजन उतरवायचा. मी दिला. एक पुडी चालेना तेव्हा दोन टाक म्हणून मीच सांगितलं. जुलाबही झालेत. अठरा दिवस पितेय."

एका दमात सांगून झालं आणि ती ओरडा खायला उभी राहिली. डॉक्टरीणबाईने लेखणी खाली ठेवली. ओरडली नाही.

"डबा आहे?"

डबा दुकानातून आणायला वीस मिनिटं लागली. डॉक्टरीणबाईने पानाच्या चित्राकडे पाहिलंही नाही, डबा उलटा करून मागची मुंगीएवढी अक्षरं वाचली. "सेन्ना. म्हणजे सोनामुखी. आणि गार्सिनिया."

"सोनामुखी?" टेपताई दचकली. "ती तर जुलाबाची. आमचे आजोबा पोट साफ व्हायला घ्यायचे."

"तीच. त्यांनी दोनचार दिवस घेतली असेल, ही रोज घेत होती. सोनामुखी मोठ्या आतड्यावर काम करते. खाल्लेल्या अन्नातली ताकद त्याच्या आधी, लहान आतड्यात, शरीराने काढून घेतलेली असते. मोठ्या आतड्यात उरतं मुख्यतः पाणी आणि मळ. चहाने तेवढंच बाहेर ढकललं. चरबीला हातही लागला नाही. पाणी प्यालं की माप परत."

टेपताईला सकाळची रिकाम्या पोटाची टेप आठवली. टेप खरं बोलली होती. कशाचं माप घेतलं, हे मात्र शिंपिणीला कळलं नव्हतं.

"आणि त्या पाण्याबरोबर पोटॅशियम गेलं. लघवीच्या गोळीने आधीच थोडं जात होतं. दोन्ही भोकं एकदम पडली. पायातले गोळे हा पहिला निरोप होता, छातीतला मासा दुसरा."

"आणि ते दुसरं? गार्सिनिया?"

"एका आंबट फळाची साल. चरबी अडवते म्हणून विकतात. तपासून बघितलं तेव्हा वजनात फरक नगण्य किंवा शून्य. उलट काही जणांच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत, म्हणून तिचं यकृतही तपासते. अशा काही डब्यांमध्ये वर न लिहिलेली औषधंही सापडलेली आहेत, हृदयाला धोका करणारी. या डब्यात काय आहे, ते मला बघून सांगता येणार नाही." तिने उद्याच्या स्कॅनचा कागद फाईलमधून काढून बाजूला ठेवला. "तुम्ही सांगितलंत, बरं केलंत."

टेपताईला एवढ्यावर सुटल्यासारखं वाटणार, तोच डॉक्टरीणबाईने अगदी साध्या आवाजात विचारलं, "आणखी किती जणींना दिलात?"

टेपताईला आकडा वही न बघता ठाऊक होता. अकरा.

पोटॅशियम भरायला दोन दिवस लागले. हिरव्या रेघेच्या उड्या सातावरून तीनवर आल्या, मग थांबल्या. यकृत ठीक निघालं. धाकटी घरी आली आणि रुसली. "मी एवढं झाकलं आणि तू जाऊन उघडं केलंस."

"झाकलं असतं तर तू राहिली नसतीस, शहाणे."

"मग आता गल्लीला काय सांगशील?"

टेपताईने वही काढली. वहीतलं बाहेर सांगायचं नाही हा तिचा नियम होता, आणि आता त्याच वहीतल्या अकरा दारांवर तिला जायचं होतं. प्रत्येक दारात तेच बोलायचं, शब्द न बदलता: मी दिलेला चहा जुलाबाचा आहे, चरबी उतरत नाही, माझी बहीण त्याने दवाखान्यात गेली, तुम्ही बंद करा, आणि कुठली गोळी चालू असेल तर डॉक्टरला सांगा. पहिल्या दारात तिने मध्येच "पार्लरवाली म्हणाली होती" असं जोडलं. जिना उतरताना तिला स्वतःची इतकी लाज वाटली की पुढच्या दहा दारांत तिने पार्लरवालीचा उल्लेख केला नाही.

एकीने दार लावून घेतलं. एक म्हणाली, "माझे तर दोन किलो गेले होते हो!" आणि मग स्वतःच, "आले परत." ग्रंथालयवाली म्हणाली, "त्या दिवशी दवाखान्यात मी दारात होते. तेव्हाच सांगितलं असतंत तर मी तीन दिवस आणखी प्याले नसते."

रोपवाटिकेतल्या मावशी सर्वांत शेवटी. चार महिने त्या चहा पीत होत्या. कुंडीत माती दाबत त्या म्हणाल्या, "बंद कसा करू? आता त्याशिवाय पोट हलतच नाही. एक दिवस नाही घेतला तर दगड बसतो." खत सांगावं तितक्या सहज त्या बोलल्या. टेपताई त्यांना दुसऱ्या दिवशी स्वतः दवाखान्यात घेऊन गेली आणि बाहेरच्या बाकावर त्यांची चप्पल सांभाळत बसली. आतून डॉक्टरीणबाईचा आवाज येत होता: पाणी, भाजी, चालणं, आणि सवय सुटायला वेळ लागेल.

त्या महिन्यात चार जणींनी शिवायला दुसरीकडे टाकलं. पार्लरवाली म्हणाली, "उगाच गाजावाजा केलात. मी तर अजून देते." टेपताईने बटणांखालचा खण उपसला, डबे फोडून पुड्या कचऱ्यात ओतल्या. खणाला मात्र आठवडाभर सोनामुखीचा वास येत राहिला. त्यात तिने रिळं ठेवली नाहीत.

कार्यक्रमाला चार दिवस उरले तेव्हा धाकटी निळा ड्रेस घेऊन आली.

"उसव आणि सोड की थोडा."

"सोडायला आत काही नाही," टेपताई म्हणाली. तिने ड्रेस उलटा करून शिवण दाखवली. कडेला कापडाचा धागाभरही पदर नव्हता. "माया ठेवली नव्हती मी."

धाकटीने शिवणीवरून बोट फिरवलं. शिंपिणीची बहीण ती, तिला सांगावं लागलं नाही. मग ती म्हणाली, "मग जोड लाव."

"दिसेल."

"दिसू दे."

तसलं निळं कापड कापडवाल्याकडे संपलं होतं. टेपताईने दोन्ही कुशींना राखाडी कापडाच्या लांब कळ्या, म्हणजे निमुळत्या जोडपट्ट्या, बसवल्या आणि त्यांच्या आत दोन नव्हे, तीन बोटं माया ठेवली. ड्रेस चढवून धाकटी आरशासमोर उभी राहिली. पडद्याची दांडी अजून एका बाजूला वाकडीच होती. टेपताईने कंबरेला टेप लावली आणि थांबली.

"सोडलाय मी श्वास," धाकटी म्हणाली. "बघ ना आकडा."

टेपताईने आकडा बघितला, वहीत लिहिला. मग वाकून राखाडी कळीवरचा एक सुटलेला धागा दाताने तोडला. खाली वाकलेलीच राहिली ती, कारण वर बघितलं असतं तर आरशात स्वतःचा चेहरा दिसला असता.

"मागच्या रांगेतून दिसेल का गं जोड?" धाकटीने विचारलं.

"पहिल्या रांगेतूनही दिसेल."

"मग तू पहिल्या रांगेतच बस."